‘आर्थिक’मधला रफार कुठे हरवतो?

सोसायटीच्या देखभाल खर्चाची पावती हल्ली ॲपवर मिळते. मोबाइलच्या पडद्यावर तिच्यात ‘आर्थिक वर्ष’, ‘प्राप्त रक्कम’, ‘पार्किंग शुल्क’ असे सगळे व्यवस्थित वाचता येते. तीच पावती पीडीएफ म्हणून उतरवून घेतली, की ‘आर्थिक’चे ‘आर्‌थकि’ झालेले असते, ‘वर्ष’चे ‘वर्‌ष’ आणि ‘प्राप्त’चे ‘प्‌राप्‌त’. रफार खाली उतरून र-चा पाय मोडलेला असतो आणि थ-ची वेलांटी शेजारच्या क-च्या डोक्यावर जाऊन बसलेली असते.

अशा एका सोसायटीतल्या ज्येष्ठ सभासदांनी तक्रार केली. सेक्रेटरींनी ॲप बनवणाऱ्यांना निरोप धाडला, “तुमचा फॉन्ट खराब आहे, बदला.” त्यांनी बदलला. नव्या पावतीत मराठीच्या जागी नुसते चौकोनी ठोकळे आले. मग आणखी एक फॉन्ट घातला. ठोकळे गेले, पण ‘आर्‌थकि’ परत आले. तेव्हा मंडळींचा समज झाला की गाडी फिरून त्याच जागी आली. प्रत्यक्षात इथे दोन वेगवेगळे बिघाड होते आणि त्यातला एकच दुरुस्त झाला होता.

ठोकळ्यांचे कारण सोपे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरीला U+0900 पासून U+097F पर्यंतच्या १२८ जागा दिल्या आहेत आणि त्यात थ-चा क्रमांक U+0925 आहे. फाइलमध्ये साठवला जातो तो हा क्रमांक. त्याची आकृती फॉन्टमध्ये असते. त्या क्रमांकाची आकृती फॉन्टकडे नसेल, तर तो त्या जागी रिकामा चौकोन काढतो. मोबाइलवर हे सहसा कळत नाही, कारण ॲपच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर फोन स्वतःहून दुसऱ्या फॉन्टमधून आकृती आणतो. पीडीएफ तयार होते दूरच्या सर्व्हरवर, आणि तिथे पावती बनवणाऱ्या प्रोग्रॅमला सहसा एकच फॉन्ट नेमून दिलेला असतो. तो इंग्रजीपुरता असला, तर अख्खी मराठी ठोकळ्यांत जाते.

कधी ठोकळा एखाद्याच अक्षराचा येतो, आणि त्यावरून फॉन्टचे वय कळते. ‘ॲडव्हान्स’ या शब्दातला ॲ हे आपण मराठी माणसे रोज वापरतो ते अक्षर. त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. रुपयाचे ₹ हे चिन्ह आले २०१० मध्ये. त्याआधी बनलेल्या आणि नंतर सुधारणा न झालेल्या फॉन्टमध्ये बाकीचे मराठी ठीक दिसते आणि नेमक्या ॲ-च्या किंवा ₹-च्या जागी चौकोन उमटतो. अशा वेळी फॉन्ट बदलणे हाच उपाय, आणि तो पुरतोही.

‘आर्‌थकि’चे मात्र तसे नाही. तिथे फॉन्टमध्ये सगळे असूनही बिघाड होतो, कारण आपण ज्याला ‘र्थि’ म्हणतो त्याला युनिकोडमध्ये क्रमांकच नाही. रफारालाही नाही. ‘क्ष’लासुद्धा नाही; तो क, हलंत आणि ष अशा तीन क्रमांकांनी साठवला जातो. ‘आर्थिक’ हा शब्द फाइलमध्ये सहा क्रमांकांचा असतो, आणि ते उच्चाराच्या क्रमाने लागतात:

```
आ      र      ्      थ      ि      क
0906   0930   094D   0925   093F   0915
```

लिहिताना आपण मात्र हा क्रम पाळत नाही. वेलांटी थ-च्या आधी काढतो, आणि उच्चारात थ-च्या आधी येणारा र् शेवटी थ-च्या डोक्यावर देतो. म्हणजे साठवलेला क्रम आणि दिसायचा क्रम यांत फरक पडतो आणि मध्ये कोणीतरी ही अदलाबदल करावी लागते. छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा माणूस करायचा. ‘आर्थिक’ जुळवताना त्याचा हात आपसूक आधी वेलांटीच्या घराकडे जाई. संगणकात ते काम करणाऱ्या भागाला शेपिंग इंजिन म्हणतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स या सगळ्यांत हार्फबझ नावाचे एकच मुक्त इंजिन आहे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय विंडोज २००० पासून आली आणि तिच्यासोबत मंगल हा फॉन्ट आला. तो मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

हे इंजिन ‘आर्थिक’वर काय करते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी ते शब्दाचे अक्षरांत तुकडे पाडते: आ, र्थि, क. मधल्या तुकड्याची सुरुवात र आणि हलंत अशी आहे आणि पुढे व्यंजन आहे, त्यावरून त्याला कळते की हा रफार व्हायचा. मुख्य व्यंजन थ. मग वेलांटी उचलून थ-च्या आधी ठेवली जाते आणि र्-ची जोडी तुकड्याच्या शेवटी जाते. इथपर्यंतची माहिती इंजिनाची स्वतःची. यानंतर ते फॉन्टला विचारते, “र आणि हलंत यांच्या जोडीसाठी तुझ्याकडे काही आकृती आहे का?” चांगल्या देवनागरी फॉन्टच्या पोटात अशा अदलाबदलीचा एक तक्ता असतो. त्यात सापडलेला रफार इंजिन घेते आणि फॉन्टने सांगितलेल्या जागी थ-वर बसवते.

म्हणून जोडाक्षर दिसायला दोन गोष्टी लागतात: तक्ता असलेला फॉन्ट आणि तो तक्ता वाचणारे इंजिन. पीडीएफ बनवणाऱ्या किंवा चित्रावर मजकूर उमटवणाऱ्या कित्येक साध्या प्रोग्रॅममध्ये हे इंजिन नसते. असे प्रोग्रॅम बनवताना इंग्रजीचा विचार झालेला असतो आणि इंग्रजीत एका क्रमांकाला एक आकृती, तीही आल्या क्रमाने, एवढ्यावर भागते. तसला प्रोग्रॅम ‘आर्थिक’चे सहा क्रमांक घेतो आणि त्यांच्या सहा आकृत्या ओळीने मांडतो. जगातला उत्तमातला उत्तम देवनागरी फॉन्ट त्याच्या हाती दिला तरी ‘आर्‌थकि’च होणार, कारण त्या फॉन्टचा तक्ता कोणी उघडतच नाही. शाळांची प्रमाणपत्रे आणि स्पर्धांची प्रशस्तिपत्रे पायथॉनच्या ‘पिलो’ या साधनाने बनवणारे पुष्कळ आहेत. त्यांना हे दोन ओळींत तपासता येते:

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

उत्तर `False` आले तर शेपिंगची सोय जोडलेली नाही. फॉन्ट बदलत बसण्यात अर्थ नाही.

उलटही घडते, आणि ते शोधायला अधिक कठीण जाते. ॲप हलके व्हावे म्हणून फॉन्टची फाइल छाटतात. छाटणाऱ्याने “U+0900 ते U+097F ठेवा, बाकी काढा” असे सांगितले आणि हत्यार पुरेसे शहाणे नसले, तर रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे हीच पहिली जातात, कारण त्यांना क्रमांक नसतात. इंजिन हजर असते, सुटी अक्षरे उत्तम दिसतात, ठोकळा एकही नाही, आणि जोडाक्षरे तेवढी मोडलेली. अशा वेळी मात्र मूळ, न छाटलेला फॉन्ट घालताच सगळे ठीक होते.

सोसायटीच्या पावतीत बिघाड इंजिनाचा होता हे ओळखायला एक खूण होती. बिघडलेल्या पीडीएफमधला ‘आर्‌थकि’ निवडून, कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवला, तर तिथे अगदी नीट ‘आर्थिक’ उमटला. याचा अर्थ क्रमांक बरोबर होते, क्रमही बरोबर होता; फक्त ते जुळवून काढणारे कोणी नव्हते. चिकटवल्यावर `????` आले असते, तर मजकूर साठवतानाच नष्ट झाला असे समजावे. `à¤†` अशी चिन्हे आली असती, तर मजकूर शाबूत आहे पण वाचणारा त्याला चुकीच्या संकेतात वाचतो आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे असते आणि ही ‘आ’च्याच तीन बाइटची वेगवेगळी वाचलेली रूपे आहेत.

उपाय झाला तो असा: पावती आधी वेबपानासारखी तयार करायची आणि सर्व्हरवरच्या क्रोमकडून तिची पीडीएफ काढून घ्यायची. क्रोममध्ये हार्फबझ असल्याने रफार जागेवर आला. पण याची एक किंमत असते आणि ती आधी सांगितलेली बरी. आता आकृत्या दिसायच्या क्रमाने मांडलेल्या असतात, त्यामुळे अशा पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर वेलांटी भलतीकडे जाऊ शकते आणि शब्द शोधूनही सापडत नाही. मूळ मजकूर आकृत्यांसोबत लपवून ठेवायची तरतूद पीडीएफमध्ये आहे, पण सगळे प्रोग्रॅम ती वापरत नाहीत. पावतीला हे चालते. ज्या कागदपत्रांत पुढे शोधाशोध करायची आहे, त्यांचा मूळ मजकूर वेगळा जपलाच पाहिजे.

एक बिघाड तरीही उरला, आणि तो मला सगळ्यांत जास्त सलतो, कारण तो खास मराठीचा आहे. एका सभासदाचे आडनाव गोऱ्हे. पावतीवर ‘गोर्हे’ छापले जात होते. ऱ्ह-मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ, म्हणजे U+0931, त्याला हलंत आणि मग ह. दुसऱ्यात साधा र, हलंत, U+200D हे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ह. दोन्ही दिसतात सारखीच. कोणते उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून. या ॲपमध्ये नाव साठवण्याआधी ‘अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारी एक ओळ होती. चुकून आलेल्या मोकळ्या जागा जाव्यात एवढाच तिचा हेतू. तिने U+200D उडवले, उरले र, हलंत, ह, आणि त्याचा रीतसर रफार झाला. इथे इंजिनाने काही चूक केली नव्हती. त्याला मिळालेला मजकूरच वेगळा होता, आणि एकदा साठवल्यावर तो मूळचा ‘गोऱ्हे’ होता हे ओळखायला काही खूणही राहत नाही. यादीतली अशी नावे सभासदांना विचारून हातानेच दुरुस्त करावी लागली. त्यानंतर नाव येताच दुसऱ्या तऱ्हेचे लिखाण पहिल्या तऱ्हेत बदलून मगच अदृश्य चिन्हे काढायची, अशी व्यवस्था केली. शोधालाही तिचा उपयोग झाला. नाहीतर एका कीबोर्डवर लिहिलेले गोऱ्हे दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की यादीत नाहीच असे उत्तर येई.