पंधरा गुणांचा शोधनिबंध

ज्या कामाचं माप सहज निघत नाही, तिथे चुकीचं माप लावलं तर काय होतं, हे आपल्याकडच्या प्राध्यापकांइतकं क्वचितच कुणी जवळून पाहिलं असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणपद्धती आणली. हेतू चांगला होता. बढती मर्जीवर अवलंबून राहू नये, केलेलं काम आकड्यांत दिसावं, असा तो विचार होता. समीक्षित नियतकालिकातल्या शोधनिबंधाला 15 गुण, समीक्षित नसलेल्या पण आयएसएसएन किंवा आयएसबीएन क्रमांक असलेल्या प्रकाशनातल्या निबंधाला 10, राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर साडेसात, असे दर ठरले.

आता इतिहासाच्या एका प्राध्यापकाची कल्पना करा. तीन वर्षं दफ्तरखान्यात मोडी कागद वाचून त्याने एक भक्कम निबंध लिहिला. त्याचे गुण 15. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एकाच जुजबी लेखाचे तीन तुकडे केले आणि पैसे भरून ते तीन आयएसएसएनवाल्या मासिकांत छापून घेतले. त्याचे गुण 30. नियम कुणीच मोडला नाही. आयएसएसएन हा तर नियतकालिक ओळखण्यासाठी दिलेला निव्वळ एक क्रमांक. आतला मजकूर कुणी तपासला आहे, असा त्याचा अर्थच नाही.

मागणी उभी राहिली तसे पुरवणारेही आले. चार दिवसांत निबंध छापून देणारी मासिकं निघाली. मग आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या सुमारे हजार नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. मे 2018 मध्ये आयोगाने चार हजारांवर नावं यादीतून काढली. 2019 मध्ये ‘केअर’ यादी आली. तिचं काम पुणे विद्यापीठातूनच चालत असे. लगोलग तिच्यातल्या चांगल्या नियतकालिकांच्या हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या. 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. याद्या बदलत राहिल्या, पण निबंध मोजायचे ही मूळ कल्पना तशीच राहिली. माझ्या मते दुखणं तिथेच होतं.

मोजमाप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: ज्याला काम सुधारायचं नाही, फक्त हा आकडा वाढवायचा आहे, तो काय करील? हा प्रश्न साहेबांच्या दालनात नव्हे, तर ज्यांचं काम मोजायचं आहे त्यांच्यासमोर मांडावा. त्यांना पळवाट पाच मिनिटांत सुचते. ती स्वस्त असेल, तर त्या आकड्याला पगार किंवा बढती बांधू नये. आपलं काम कसं चाललंय हे पाहण्यापुरता तो खुशाल ठेवावा.

दुसरं, संख्येला वरून मर्यादा घालावी. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन होतं. 2021 च्या फेरीत एका संशोधकाच्या नावावर जास्तीत जास्त पाच कामं देता येत होती, आणि विषयातले जाणकार ती तपासून दर्जा ठरवत होते. सहाव्या निबंधाचा तिथे उपयोग नाही, म्हणून तुकडे पाडण्यात फायदा उरत नाही. हेच आपल्या महाविद्यालयात करायचं तर बढतीच्या वेळी अध्यापकाने आपले दोनच निबंध पुढे ठेवावेत, त्यात नवं काय सापडलं ते अर्ध्या पानात लिहावं, आणि बाहेरच्या दोन विषयतज्ज्ञांनी ते खरोखर वाचावेत. शिकवण्याचंही तसंच. तास किती घेतले ही नोंद हवीच, पण तेवढंच पाहिलं तर तास भरण्यापुरतेच भरले जातात. म्हणून त्याच्या जोडीला त्याने काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या काही उत्तरपत्रिका पाहाव्यात. घाईघाईने उरकलेलं काम तिथे लगेच कळतं.

याला खर्च येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या त्या फेरीला 47 कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला आणि तिथले प्राध्यापकही त्या ओझ्याबद्दल तक्रार करतात. शिवाय वाचणारा माणूस आला की ओळखपाळख आली, गटबाजी आली. म्हणून तज्ज्ञ बाहेरचे हवेत, आणि त्यांनी आपलं मत कारणांसह लिहून द्यायला हवं, म्हणजे उमेदवाराला ते वाचून हरकत घेता येईल.

आपल्या संस्थेत पुढच्या वर्षीचे मूल्यमापनाचे तक्ते ठरत असतील, तर ठरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तक्त्यातले चार रकाने कमी करा आणि त्यातून वाचलेला वेळ दोन निबंध नीट वाचायला द्या.