हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही

शैक्षणिक कर्जाच्या करारात ‘मोरॅटोरियम’ (हप्ते न भरण्याची सवलत असलेला काळ) हा शब्द असतो. बहुधा हा काळ म्हणजे अभ्यासक्रमाची वर्षे आणि पुढचे एक वर्ष. या काळात व्याजही माफ असते, असे अनेक पालकांना वाटते. बँकेतही ‘आत्ता काही भरायचे नाही’ एवढेच कानावर पडते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे.

रिक्षा थांबवून आपण दुकानात गेलो, तरी वेटिंगचे मीटर चालू असते. व्याजाचेही तसेच.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख, असे एकूण ८ लाख उचलले. दर १० टक्के, सरळव्याज. व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचे १ लाख, नंतरच्या उचलींवर ८०, ६० आणि ४० हजार; एकूण २ लाख ८० हजार. हे व्याज न भरल्यास ते मुद्दलात मिळवले जाते आणि परतफेड १० लाख ८० हजारांवर सुरू होते. दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १०,५७० ऐवजी १४,२७० रुपये पडतो. म्हणून शिक्षण चालू असतानाच जमेल तेवढे व्याज भरत राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

परतफेडीची तारीखही करारातच पाहावी. ती सहसा नोकरी मिळण्याची वाट पाहत नाही. काही करारांत तर नोकरी लवकर लागल्यास हप्ताही लवकर सुरू होतो. अभ्यासक्रम लांबला, तर मुदतवाढीचा अर्ज आधीच द्यावा.