परसबागेतला सेन्सर, छोटे सोलर पॅनेल आणि एक लिथियम सेल

लिथियम-आयन सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचे व्होल्टेज ४.२ असते आणि जवळजवळ रिकामा झाल्यावर ३ च्या आसपास येते. वेष्टनावर छापलेला ३.७ हा आकडा या दोन्हींच्या मधला. या पट्ट्याबाहेर सेल गेलेला चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरी थोडी जास्त चार्ज झाली तर तिच्यातले पाणी कमी होते, एवढेच. लिथियम सेलमध्ये मात्र आत धातुरूप लिथियम साचू लागते, वायू तयार होतो आणि गोष्ट आगीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे सहा व्होल्टचे पॅनेल नुसत्या डायोडमधून सेलला जोडणे हा धोक्याचा खेळ आहे. पॅनेल कितीही छोटे असले तरी उन्हाळ्यात रोज भरलेल्या सेलमध्ये थोडा थोडा प्रवाह ढकलतच राहते.

कुंड्यांमधल्या मातीचा ओलावा मोजून दर पंधरा मिनिटांनी वायफायवरून घरात कळवणारा सेन्सर घेऊ. जागा असताना तो सरासरी १२० मिलिअँपिअर घेतो आणि पाच सेकंदांत काम उरकतो. दिवसातून ९६ वेळा जागा झाला की एकूण आठ मिनिटे होतात, म्हणजे १६ मिलिअँपिअर-तास. झोपेत ०.१ मिलिअँपिअर धरला तर त्यात अडीचची भर पडते. दिवसाचा खर्च १८–१९. हा हिशेब झोपेचा प्रवाह खरोखर एवढा कमी असेल तरच खरा. तयार डेव्हलपमेंट बोर्डवरचा रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप झोपेतही काही मिलिअँपिअर खात बसतात आणि मग खर्च कित्येक पटींनी वाढतो.

२५०० मिलिअँपिअर-तासांच्या १८६५० आकाराच्या सेलमधले २००० वापरायचे ठरवले, तर सूर्यदर्शन न होताही सेन्सर तीन महिने चालतो. (या आकाराच्या सेलवर ९९०० असे छापलेले दिसले तर तो सेल परत ठेवावा, खरे सेल साधारण साडेतीन हजारांवर थांबतात.) सहा व्होल्ट, एक वॉटचे पॅनेल कडक उन्हात १६० मिलिअँपिअरच्या आसपास देते. आषाढातल्या ढगाळ दिवसात दिवसभराची आवक स्वच्छ दिवसाच्या दहाव्या भागावर आली, तरी साठेक मिलिअँपिअर-तास मिळतात आणि ते खर्चाच्या तिप्पट आहेत. पॅनेल पाच व्होल्टचे न घेता सहाचे घ्यावे, कारण तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज उतरते. नऊ किंवा बारा व्होल्टचे मात्र नको. पुढे येणाऱ्या चार्जर चिपची कमाल मर्यादा आठ व्होल्ट आहे.

ही चिप म्हणजे टीपी४०५६. तिचे निळे छोटे मोड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. ती आधी ठरावीक प्रवाहाने सेल भरते, ४.२ ला पोहोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून ठेवते आणि प्रवाह ठरवलेल्या आकड्याच्या दहाव्या भागावर आला की चार्जिंग बंद करते. रात्री सेलमधून पॅनेलकडे उलटा प्रवाह जाऊ नये याची सोयही तिच्यात असल्याने वेगळा डायोड लावण्याची गरज नाही.

अडचण मोड्यूलच्या मूळ रचनेत आहे. ते मोबाईलच्या चार्जरवर चालावे म्हणून बनलेले असते आणि त्याचा प्रवाह एक अँपिअरवर ठेवलेला असतो. १६० मिलिअँपिअरच्या पॅनेलकडे एक अँपिअर मागितला की पॅनेलचे व्होल्टेज कोसळून सेलच्या व्होल्टेजजवळ येते. चार्जिंग कसेबसे चालते, पण ढग आला की चिप बंद-चालू होत राहते. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. एक अँपिअरचा दहावा भाग म्हणजे १०० मिलिअँपिअर. सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडात पॅनेलच तेवढे देऊ शकत नाही, आणि सेल भरत आला असताना हा तुटपुंजा प्रवाह चिपला ‘सेल भरला’ असा वाटू शकतो.

उपाय एका रेझिस्टरचा आहे. मोड्यूलवर ‘१२२’ असा आकडा असलेला, म्हणजे १.२ किलोओमचा, बारीक रेझिस्टर प्रवाह ठरवतो. तो काढून त्या जागी १० किलोओमचा बसवला की प्रवाह १३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि बंद होण्याची पातळी तेराच्या आसपास. आता मागणी पॅनेलच्या आवाक्यात येते. बदल साधला की नाही हे मल्टिमीटरने कळते: सेल अर्धवट रिकामा असताना, भर उन्हात चार्जिंग चालू ठेवून पॅनेलच्या टोकांवर मोजावे. पाच-साडेपाचच्या वर आकडा असेल तर ठीक; चारच्या आसपास असेल तर पॅनेल अजूनही दबलेले आहे.

मोड्यूल घेताना त्यावर संरक्षणाची वेगळी चिप आहे ना, हे पाहावे. तिचे नाव डीडब्ल्यू०१. ती सुमारे ४.३ व्होल्टला चार्जिंग तोडते, २.४ ला लोड तोडते आणि शॉर्टसर्किट झाले तर लगेच मधे पडते. हे आकडे नीट पाहिले तर लक्षात येते की रोजच्या कामासाठी ती नाहीच. चार्जर बिघडल्यावर किंवा सेल पार रिकामा झाल्यावर उपयोगी पडणारी ती शेवटची भिंत आहे. सेन्सरची जोडणी ‘आउट’ लिहिलेल्या टोकांवरच करावी लागते. ही चिप सेलची ऋण बाजू तोडते, त्यामुळे सेन्सरची ऋण तार थेट सेलला जोडली तर संरक्षण असून नसल्यासारखे होते.

रोजचा खालचा कटऑफ सेन्सरच्या प्रोग्राममध्ये ठेवावा. दोन समान रेझिस्टरांमधून सेलचे व्होल्टेज निम्मे करून मोजता येते. प्रत्येकी २२० किलोओमचे घेतले तर त्यांतून जाणारा प्रवाह दहा मायक्रोअँपिअरच्या आतच राहतो. ३.४ व्होल्टच्या खाली गेल्यावर वायफाय बंद करून सेन्सरने तासाभराने फक्त व्होल्टेज पाहावे आणि ३.७ च्या वर आल्यावरच नेहमीच्या कामाला लागावे. दोन आकड्यांमध्ये अंतर हवेच. लोड काढला की सेलचे व्होल्टेज आपोआप थोडे वर येते. एकच आकडा ठेवला तर सेन्सर पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो आणि उरलेला सेलही संपवतो.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. साधारणपणे ४५ अंशांवर सेल चार्ज करू नये. विदर्भात मे महिन्यात सावलीतलेच तापमान तिथपर्यंत जाते, मग उन्हातल्या बंद डबीचे काय सांगावे. चिपला तापमान पाहता येते, पण या मोड्यूलवर त्यासाठीचे टोक बहुधा जमिनीला जोडून निकामी केलेले असते. म्हणून पॅनेल उन्हात आणि सेलची डबी त्यापासून दूर, भिंतीच्या सावलीत, अशी रचना करावी; पॅनेलच्या पाठीला सेल चिकटवू नये. तरीही भरलेला सेल दिवसेंदिवस गरम राहिला की त्याची क्षमता घटत जाते, हे गृहीत धरावे लागते.

सेन्सर गप्प झाला तर आधी सेलच्या टोकांवर मोजावे, मग ‘आउट’वर. सेलवर २.४ च्या आसपास आणि ‘आउट’वर शून्य असेल तर संरक्षणाने लोड तोडला आहे, पॅनेलवर ऊन पडले की ते पुन्हा जोडले जाते. सेलही ठीक आणि ‘आउट’ही ठीक असेल, तर दोष सेन्सरमध्ये शोधावा. सेल दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिला असेल तर तो पुन्हा भरण्याच्या भानगडीत पडू नये. टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.