उसन्या पैशाचा शेअर आणि सरकणारी रेघ

ब्रोकरच्या ॲपवर शेअर घेताना हल्ली ‘एमटीएफ’ असा एक पर्याय दिसतो. पूर्ण नाव मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. आपण किमतीचा काही भाग भरायचा, उरलेले पैसे ब्रोकर घालतो. शेअर आपल्याच डिमॅट खात्यात येतात, पण ब्रोकरकडे तारण राहतात आणि उसन्या पैशावर रोज व्याज चढत जाते.

एक हिशेब करून पाहू. शेअरचा भाव ५०० रुपये. २०० शेअर घेतले, म्हणजे एक लाखाची खरेदी. त्यात ५० हजार आपले आणि ५० हजार ब्रोकरचे. व्याज वर्षाला १२ टक्के धरू, आणि सोयीसाठी सरळव्याज. वर्षअखेरीला कर्ज होते ५६ हजार.

वर्षभरात भाव २० टक्के वाढून ६०० झाला, तर शेअरचे एक लाख वीस हजार येतील. कर्ज फेडून हातात ६४ हजार. ५० हजारांवर १४ हजार फायदा, म्हणजे २८ टक्के. जाहिरातीत दाखवतात ते हे गणित. आता भाव तेवढाच पडून ४०० झाला, तर ८० हजारांतून ५६ हजार वजा जाऊन उरतात २४ हजार. तोटा ५२ टक्के! वर जाताना २८ आणि खाली येताना ५२, ही तफावत व्याजाची. भाव जागचा हलला नाही, तरी ६ हजारांचे व्याज, म्हणजे आपल्या पैशातले १२ टक्के गेलेच. मुद्दल तरी सुटावे म्हणून भाव ५३० वर जायला हवा.

पण तोटा सोसून थांबू, भाव परत येईलच, असे म्हणायची मोकळीक इथे नसते. शेअरच्या चालू किमतीत आपला वाटा ठरावीक टक्क्यांच्या खाली गेला की ब्रोकर आणखी पैसे मागतो. हाच मार्जिन कॉल. ही मर्यादा ३० टक्के धरली, तर कर्ज किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंतच चालते. म्हणून कर्जाला ०.७ ने भागायचे आणि शेअरच्या संख्येने पुन्हा भागायचे. पहिल्या दिवशी ५० हजारांच्या कर्जावर हा भाव ३५७ रुपये येतो. वर्षाने कर्ज ५६ हजार झाले की तोच ४०० होतो. बाजारात काहीही न घडता रेघ ४३ रुपये वर सरकली, कारण व्याज कर्जात मिळत गेले.

रेघ सरकवणारी दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. आपल्याकडे सेबीच्या नियमानुसार लागणारे मार्जिन शेअरच्या जोखमीशी, म्हणजे शेअर बाजाराने काढलेल्या ‘व्हॅर’शी बांधलेले आहे. शेअर जास्त उसळू-आपटू लागला की हा आकडा वाढतो. आपल्या उदाहरणात मर्यादा ३० वरून ४० टक्के झाली, तर ५६ हजारांच्या कर्जावर रेघ एकदम ४६७ वर येते. भाव ४५० असला, म्हणजे जेमतेम १० टक्के पडला असला, तरी मागणी येणार. बहुतेकांना धक्का बसतो तो इथे. शेअर फार पडलेला नसतो, नियम वर चढलेला असतो.

मागणी आली की रक्कम लहान वाटते. मर्यादा ३० टक्केच आहे आणि भाव ३८० झाला, तर किंमत ७६ हजार, आपला वाटा २० हजार, हवेत २२,८००. खड्डा २,८०० रुपयांचा. पण पैसे न भरता शेअर विकून तो बुजवायचा झाल्यास २५ शेअर, म्हणजे साडेनऊ हजारांचा माल काढावा लागतो. विकल्याने कर्जाबरोबर किंमतही घटते, म्हणून एवढे. वेळेत पैसे आले नाहीत तर ब्रोकर स्वतः विकतो, आणि तेही पडत्या बाजारात, जेव्हा त्याचे इतर ग्राहकही त्याच रांगेत असतात. वाईट बातमीने शेअर सकाळी थेट २७० वर उघडला, तर विकूनही ५४ हजारच येतात. उरलेले दोन हजार आपल्यालाच भरायचे असतात.

माझ्या मते उसने घ्यायचेच असेल, तर निम्मे घेऊ नये. त्याच एक लाखाच्या खरेदीत ७५ हजार आपले आणि २५ हजार ब्रोकरचे ठेवून बघा. भाव २० टक्के वाढला तर परतावा २२.७ टक्के, म्हणजे २८ पेक्षा पाचेक टक्क्यांनी कमी. पण वर्षअखेरीची रेघ ३० टक्क्यांच्या मर्यादेला ४०० ऐवजी २०० वर येते, आणि मर्यादा ४० झाली तरी २३३ च्या आसपासच राहते.