आधी सिमकार्ड, मग टॅली

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशाच एखाद्या बाजारपेठेत तळमजल्यावर कर सल्लागाराचं ऑफिस आहे, असं धरू. चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा सगळा डेटा. सगळंच पाण्यात गेलं आणि ११ तारखेला अशिलांचे जीएसटीआर-१ भरायचे आहेत. हे ऑफिस पुन्हा कसं उभं करायचं, ते आधीच लिहून ठेवायचं म्हणजे आपत्ती आराखडा.

सुरुवात दोन प्रश्नांनी करावी. किती दिवसांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तर झेपेल? आणि ऑफिस किती दिवस बंद राहिलं तर चालेल? उत्तरं ‘एक’ आणि ‘तीन’ अशी आली, तर बॅकअप रोज संध्याकाळी घ्यायलाच हवा आणि तिसऱ्या दिवशी टॅली सुरू व्हायलाच हवी.

बॅकअपसाठी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आलटून पालटून वापराव्यात. एक ऑफिसात, दुसरी पूररेषेबाहेरच्या घरी. शिवाय एक प्रत क्लाउडवर. डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नये, कारण रॅन्समवेअर आलं तर ते तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतं. नुसतं सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. इथली बिघडलेली फाईल तिकडच्या चांगल्या फाईलची जागा घेते.

आता क्रम. बहुतेक जण पहिल्या ओळीत ‘टॅली’ लिहितात, आणि तिथेच गाडी अडते. टॅलीचं लायसन्स जुन्या मशिनशी बांधलेलं असतं. ते नव्यावर चालवायला सिरियल नंबर आणि नोंदवलेला ई-मेल लागतो. ई-मेल उघडायला ओटीपी लागतो, आणि ज्या फोनवर तो येणार तो टेबलाच्या खणात भिजून पडलेला! क्लाउडवरच्या प्रतीचंही तेच. डुप्लिकेट सिम मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. म्हणून क्रम असा: सिमचा अर्ज, ई-मेल, इंटरनेट आणि एक कॉम्प्युटर, टॅलीचं लायसन्स, मग चालू वर्षाचा डेटा. मागची वर्षं, स्कॅन केलेली कागदपत्रं, प्रिंटर यांना घाई नाही. जीमेलचे छापून ठेवता येणारे बॅकअप कोड घरी असतील, तर सिमसाठी थांबावंही लागत नाही.

डेटा परत येतो का, हे दर तिमाहीला पाहावं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करायचं. चालू डेटाच्या फोल्डरमध्ये केलं तर नव्या नोंदींवर जुन्या बसतात. मग एका अशिलाचं शेवटचं व्हाउचर आणि रोख शिल्लक बॅकअपच्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहायची. ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशावर मी तरी विसंबणार नाही.

हा आराखडा कागदावर छापा, आणि त्याची एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा.