गप्प बसणाऱ्या चुका

ईमेलमधल्या चुका दोन प्रकारच्या असतात. काही ओरडतात. फाइल जोडायची राहिली की समोरून लगेच उत्तर येतं, ‘फाइल दिसत नाही.’ पत्त्यातलं अक्षर चुकलं तर मेल बहुतेक वेळा परत येतो. अशा चुकांनी थोडं ओशाळायला होतं, नुकसान फारसं होत नाही. दुसऱ्या चुका मात्र गप्प बसतात. रक्कम कमी लिहिली गेली, न झेपणारी तारीख दिली गेली, एका ग्राहकाचा दर दुसऱ्याला गेला, तर हे तुम्हाला कळवण्याचं समोरच्याला काही कारणच नसतं. महत्त्वाचा मेल पाठवण्याआधीची शेवटची नजर या गप्प चुकांवर हवी. प्रत्यक्षात आपण ती शुद्धलेखनावर आणि ‘कळावे’वर खर्च करतो.

‘मेलच तर आहे, करार थोडाच’ असं अजूनही पुष्कळ उद्योजक मानतात. ते खरं नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार एखादा करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणावरून तो अमान्य ठरत नाही. दुबईची ट्रायमेक्स आणि आपल्याकडची वेदांता अॅल्युमिनियम यांच्यात बॉक्साइटच्या पुरवठ्यावरून वाद झाला होता. औपचारिक करारावर सह्या झाल्याच नव्हत्या. तरीही मेलच्या देवाणघेवाणीत मुख्य अटी ठरल्या होत्या, म्हणून करार झालेला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. म्हणजे ‘पाठवा’ हे बटण दाबणं ही सहीच्या जवळ जाणारी गोष्ट आहे.

एक उदाहरण घेऊन तपासणी कशी करायची ते पाहू. समजा, भोसरी एमआयडीसीत एक छोटा मशीन शॉप आहे. नव्या ग्राहकाकडून २,४०० बुशची चौकशी आली आहे. मालकाने लिहिलेला मसुदा असा: ‘दर प्रति नग १९३.५० रुपये. एकूण रक्कम ४,४६,४०० रुपये, जीएसटी वेगळा. माल १५ दिवसांत देऊ. पहिला लॉट लवकर देण्याचा प्रयत्न करू. ड्रॉइंग व दरपत्रक सोबत जोडले आहे.’

वाचायला ठीक वाटतो. सर्वात आधी तपासायचं ते आश्वासन, कारण ते सर्वात महाग पडतं. ‘१५ दिवस’ हा आकडा कुठून आला? बाजारात सगळे तेवढंच सांगतात म्हणून आला असेल, तर कागद घेऊन बसावं लागेल. मटेरियल यायला ३ दिवस. एका नगाला सीएनसीवर ४ मिनिटं, म्हणजे २,४०० नगांना ९,६०० मिनिटं, १६० तास. दोन शिफ्टमध्ये सेटिंग आणि चहा-जेवण वजा जाता खरं काम १४ तासांचं होतं. म्हणजे साधारण १२ दिवस. प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचं, त्याचे ४ दिवस. तपासणी आणि पॅकिंगला १. बेरीज २० दिवस, तेही कामाचे. मधल्या साप्ताहिक सुट्ट्या धरल्या तर कॅलेंडरवर तीन आठवड्यांच्या पुढे. १५ दिवसांचं आश्वासन पीओ यायच्या आधीच मोडलेलं आहे.

हाच हिशेब पहिल्या लॉटचा केला तर मात्र ग्राहकाला देण्यासारखं काहीतरी हाती लागतं. ६०० नगांना मशीनवर ४० तास लागतात, म्हणजे ३ दिवस. मटेरियलचे ३, प्लेटिंगचे ४ आणि पॅकिंगचा १ मिळवून ११ दिवस. मग मेलमध्ये असं लिहिता येतं: ‘पीओ आणि अॅडव्हान्स मिळाल्यापासून कामाच्या ११ दिवसांत पहिले ६०० नग, आणि कामाच्या २० दिवसांत उरलेले १,८०० नग देऊ.’ ग्राहकाची लाइन ६०० नगांवर सुरू होऊ शकते. त्याला ‘लवकर’ या शब्दापेक्षा हे वाक्य कितीतरी उपयोगी आहे.

या वाक्यात एक गोष्ट मुद्दाम आली आहे: दिवस कधीपासून मोजायचे. चौकशीपासून, पीओपासून, की अॅडव्हान्स खात्यात जमा झाल्यापासून? हे न लिहिल्यामुळे होणारी भांडणं मुदत चुकल्यामुळे होणाऱ्या भांडणांइतकीच असतील, असं माझं निरीक्षण आहे. तसंच, ‘प्रयत्न करू’ हे शब्द काढून टाकावेत. लिहिणाऱ्याच्या मनात त्यांचा अर्थ ‘बहुधा नाही’ असतो आणि वाचणारा ‘हो’ समजून पुढच्या माणसाला शब्द देऊन मोकळा होतो. शिवाय जे लिहिलेलं नाही तेही कधी कधी आश्वासन ठरतं. स्टीलचा भाव हलत असताना ‘हा दर ७ दिवस ग्राह्य’ असं लिहिलं नाही, तर दोन महिन्यांनी त्याच दराने पीओ येतो आणि नाही म्हणताना संबंध बिघडतात. मेलमधल्या प्रत्येक आश्वासनाच्या शेजारी कच्च्या कागदावर एक नाव लिहून पाहा: हे काम कोण करणार? त्या माणसाला हे माहीत नसेल, तर मेल अजून पाठवण्याजोगा झालेला नाही.

आता आकडे. वरच्या मसुद्यात एक चूक आहे, ती तुमच्या लक्षात आली का? १९३.५० गुणिले २,४०० म्हणजे ४,६४,४०० होतात. मसुद्यात ४,४६,४०० आहेत. मराठीत असं होण्याचं एक साधं कारण आहे. कुणीतरी आकडा सांगतो, ‘चार लाख चौसष्ट हजार’. कानावर चौ आधी पडतं, साठ नंतर, आणि बोटं आधी चारवर जातात. अदलाबदलीची ही चूक पकडण्याची हिशेबनिसांची एक जुनी खूण आहे: दोन आकड्यांमधल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यावा. इथे फरक १८,००० आहे. ९ ने भागून २,००० येतात, बाकी काही उरत नाही. ग्राहकाच्या परचेस विभागाने खालचा आकडा धरून पीओ काढला, तर ते १८,००० रुपये पुन्हा मागताना जड जाईल.

म्हणून आकडा नुसता वाचून तपासू नये, तो पुन्हा काढावा. कॅल्क्युलेटरवर दर आणि नग गुणून पाहावेत. १८ टक्क्यांनी जीएसटीचे ८३,५९२ आणि सगळं मिळून ५,४७,९९२ रुपये, असं पूर्ण लिहावं. नुसतं ‘जीएसटी वेगळा’ लिहून सोडू नये. मोठी रक्कम अक्षरीही लिहावी, चेकवर लिहितो तशी. परदेशी ग्राहक असेल तर तारखेतला महिना अक्षरात हवा, कारण ०५/०६ म्हणजे आपला पाच जून आणि अमेरिकेतला सहा मे. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. कॅनडातल्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीला २००३ मध्ये स्प्रेडशीटमधल्या एका कट-पेस्टच्या चुकीमुळे बोलीतले आकडे सरकून २ कोटी ४० लाख डॉलरचा फटका बसला होता.

जोडलेल्या फाइलीच्या बाबतीत ‘जोडली का?’ हा प्रश्न दुय्यम आहे. मजकुरात जोडल्याचा उल्लेख असून फाइल नसेल, तर जीमेल बऱ्याचदा स्वतःच टोकतं. चुकीची फाइल जोडली तर ते टोकू शकत नाही. त्यामुळे जोडलेली फाइल मेलच्या मसुद्यातूनच उघडून पाहावी, फोल्डरमधली नव्हे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली रिव्हिजन बघावी. ग्राहकाने रिव्हिजन ३ पाठवली आहे आणि आपण २ वर दर काढला, असं मशीन शॉपमध्ये नेहमी घडतं आणि ते माल नाकारला जाईपर्यंत कळत नाही. दुसरं, एक्सेल फाइल बाहेर पाठवू नये. दरपत्रकाच्या मागे दडवलेल्या शीटवर आपली कॉस्टिंग असते, मार्जिनही असतं, आणि लपवलेली शीट उघडायला दोन क्लिक पुरतात. पीडीएफ करून पाठवावी.

हे भय काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याशी संबंधित एका कर्मचाऱ्याने अफगाण अर्जदारांची एक स्प्रेडशीट बाहेर मेल केली. आपण सुमारे १५० ओळी पाठवतो आहोत, असा त्याचा समज होता. फाइलीत प्रत्यक्षात सुमारे ३३,००० ओळी होत्या. तालिबानपासून जीव वाचवू पाहणाऱ्या हजारो लोकांची नावं त्यात होती. ही चूक दीड वर्ष गप्प राहिली; ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातला काही भाग फेसबुकवर दिसला तेव्हा ती खात्याला कळली.

सुराबद्दल थोडक्यात. मजकूर एकदा मोठ्याने वाचावा, समोर ग्राहक बसला आहे असं धरून. ‘आधीच कळवल्याप्रमाणे’, ‘पुन्हा एकदा सांगतो’ अशी वाक्यं तोंडातून निघताना अडखळायला होतं, ती काढावीत. रागाने लिहिलेला मेल सकाळपर्यंत मसुद्यातच राहू द्यावा. त्याहून मोठी चूक मला अजिजीची वाटते. ‘आपण म्हणाल तसं करू’ हे शिष्टाचार म्हणून लिहिलं जातं आणि दराच्या बोलणीत तेच आपल्यापुढे ठेवलं जातं.

पत्ता सर्वात शेवटी. बाकी सगळं तपासून होईपर्यंत तो रकाना रिकामाच ठेवावा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाऊच शकत नाही. उत्तर देताना पत्ता आपोआप भरला जातो. तो काढून टाकावा आणि अखेरीस पुन्हा घालावा. दोन अक्षरं टाइप केली की सुचवली जाणारी नावं नीट पाहावीत. ‘संजय’ नावाचे दोन ग्राहक असतील, तर नाव न वाचता @ च्या पुढचं कंपनीचं नाव वाचावं. सीसीमध्ये कोण आहे ते बघावं. आणि खाली लोंबणारी जुनी साखळी शेवटपर्यंत सरकवून पाहावी. आपल्याच भागीदाराने चार मेल खाली लिहिलेलं असतं, ‘१८५ पर्यंत खाली यायला हरकत नाही’, आणि तोच मेल पुढे पाठवला की बोलणी तिथेच संपतात.

जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवण्याची मुदत मुळात ५ सेकंदांची असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती ३० करून ठेवा. आउटलुकमधली मेल परत घेण्याची सोय आपल्याच संस्थेतल्या माणसाला पाठवलेल्या मेलपुरती चालते, बाहेरच्या ग्राहकाकडून काही परत येत नाही. चूक नंतर लक्षात आली, तर आधी फोन करा आणि लगेच दुसरा मेल पाठवा: विषयात ‘सुधारित’, पहिल्या ओळीत ‘आधीचे दरपत्रक रद्द’ आणि त्याखाली काय बदललं ते नेमकं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार समोरच्याची स्वीकृती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, नंतर नाही. तेव्हा पीओ येईपर्यंत वाट बघू नका.