रात्रीच्या फोटोत चंद्र बसवताना

आजचा विषय छोटा आहे, पण अडचणीचा आहे. रात्रीच्या आकाशाचा एक फोटो आपल्याकडे आहे, त्यात चंद्र नाही, आणि आपल्याला तो नंतर संगणकावर घालायचा आहे. असा घातलेला चंद्र बहुतेक वेळा लगेच पकडला जातो. त्याचं कारण सॉफ्टवेअर नसतं. त्या फोटोतल्या बाकीच्या गोष्टींनी चंद्र आधीच ठरवून ठेवलेला असतो आणि आपण दुसराच आणून चिकटवतो, हे त्याचं कारण. म्हणून आपण एकच फोटो घेऊ आणि त्याला विचारू, तुझा चंद्र कसा असायला हवा?

समजा फोटो राजगडावरून काढलाय. मार्चचा शेवट, सूर्यास्त पावणेसातला, फोटो 7 वाजून 25 मिनिटांनी. कॅमेऱ्याचं तोंड पश्चिमेला, उजवीकडे तोरण्याची काळी आकृती. फुल फ्रेम कॅमेरा, 24 मिमीची लेन्स, फोटोची रुंदी 6000 पिक्सेल. एक्सपोजर 8 सेकंद, एफ 4, आयएसओ 400. चंद्र आपल्याला क्षितिजापासून साधारण 25 अंश वर हवाय.

पहिला प्रश्न आकाराचा. आकाशात चंद्र अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे सेन्सरवर त्याची प्रतिमा लेन्सच्या फोकल लेंग्थच्या साधारण 110 व्या भागाएवढी पडते. 24 ला 110 ने भागा, 0.22 मिमी येतात. सेन्सर 36 मिमी रुंद, त्यावर 6000 पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला 167. गुणाकार केला की चंद्राचा व्यास येतो फक्त 36 पिक्सेल! सहा हजारांत छत्तीस. ऐकून वाईट वाटतं, पण खरा तेवढाच आहे. थाळीएवढा चंद्र हवा असेल तर तोरणाही 200 किंवा 400 मिमीच्या लेन्सने काढलेला हवा, म्हणजे दोघं एकाच प्रमाणात मोठे होतील. रुंद फोटोत 300 पिक्सेलचा चंद्र ठेवला की बघणाऱ्याला गणित येत नसलं तरी काहीतरी खटकतं.

दुसरा प्रश्न कलेचा. इथे पंचांग फार उपयोगी पडतं. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं 12-12 अंशांचं अंतर. सूर्यास्त होऊन 40 मिनिटं झालीत, म्हणजे सूर्य आपल्याकडे क्षितिजाखाली सुमारे 10 अंश गेलाय. चंद्र 25 अंश वर. दोघांत 35 अंश. बाराने भागा, तीनला थोडे कमी येतात, म्हणजे तिसरी तिथी चालू आहे. आपला चंद्र शुक्ल तृतीयेचा, जेमतेम नऊ टक्के उजळलेला. याच जागी पौर्णिमेचा चंद्र ठेवणं अशक्य आहे, कारण पौर्णिमेचा चंद्र त्या वेळी पूर्वेला, आपल्या पाठीमागे असतो.

आता कोर कुठल्या बाजूला? उजळ बाजू नेहमी सूर्याकडे असते. मार्चच्या संध्याकाळी आपल्या अक्षांशावर सूर्य चंद्राच्या जवळजवळ सरळ खाली असतो, म्हणून कोर होडीसारखी आडवी दिसते. तीच सप्टेंबरमध्ये कलती होते, उजळ बाजू उजवीकडे खाली. इंटरनेटवर मिळणारी चित्रं पुष्कळदा युरोप-अमेरिकेतली असतात, त्यांत कोर उभी असते. ती फिरवून घ्यावी लागते. आणि कोरीची दोन टोकं कायम व्यासाच्या दोन टोकांना असतात. दोन वर्तुळं एकमेकांवर ठेवून कापलेली, टोकं आत वळलेली कोर झेंड्यावर चालते, आकाशात नाही.

तिसरा प्रश्न उजेडाचा, आणि इथे सगळ्यात जास्त फोटो फसतात. कोरीचा पृष्ठभाग नीट दिसायला एफ 4, आयएसओ 100 ला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. आपल्या फोटोचं आयएसओ चौपट आणि वेळ आठशेपट. म्हणजे 3200 पट जास्त प्रकाश! त्या फोटोत कोर पांढरीशुभ्र, जळलेली आणि थोडी फुगलेलीच येणार. 8 सेकंदांत चंद्र अडीचेक पिक्सेल सरकतो, त्यामुळे कडाही किंचित मऊ. विवरं रेखीव दिसणारी कोर इथे खोटी वाटते. उलट एवढ्या एक्सपोजरमध्ये कोरीच्या आतला काळोखा गोल अंधुक दिसायला हवा. पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो उजळतो.

या काळोख्या गोलाबद्दल दोन गोष्टी. एक, तिथे घन चंद्र आहे, त्यातून तारा दिसू शकत नाही. लेयर ‘Screen’ मोडवर ठेवला की मूळ फोटोतले तारे कोरीच्या पोटातून चमकतात. म्हणून आधी तेवढ्या वर्तुळातले तारे पुसायचे, मग चंद्र ठेवायचा. दोन, तो गोल आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळा कधीच नसतो, कारण संधिप्रकाशाने उजळलेली हवा आपल्या आणि चंद्राच्या मधे आहे. ‘Normal’ मोडवर काळ्या पार्श्वभूमीसकट चंद्र ठेवला की आकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं. ‘Screen’ने हा दोष जातो.

राहिलं वलय. हवेतली धूळ, बाष्प आणि लेन्स यांच्यामुळे उजेड पसरतो. तो कडेला सगळ्यात दाट असतो आणि बाहेर विरत जातो, पण कुठे संपला ते कळत नाही. एकाच ब्लरने हे जमत नाही. नुसत्या कोरीच्या तीन प्रती घ्या. एकीला सुमारे 15 पिक्सेलचा ‘Gaussian Blur’, दुसरीला 60, तिसरीला 250. तिन्ही ‘Screen’वर, प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा फिकी. पसरलेली प्रत फार मंद होते, म्हणून ‘Levels’ने ती थोडी उचलावी लागते. रंग पांढरा नको, किंचित पिवळसर. चंद्र क्षितिजाशी 5 अंशांवर असता तर नारिंगी आणि बराच मंद ठेवला असता. फाइल 16 बिटची ठेवा, नाहीतर वलयात पायऱ्या पडतात. आणि मूळ आकाशात जितका दाणा आहे तितकाच चंद्रावर आणि वलयावर घाला. गुळगुळीत वलय दाणेदार आकाशात लगेच उठून दिसतं. पातळ ढग असेल तर तो चंद्राच्या वर यायला हवा, आणि वलय ढगाच्या पोतावर उमटायला हवं.

एका श्रोत्याने विचारलंय, डोंगरावर चांदणं पाडायचं का? तृतीयेला नाही. एवढ्या कोरीची सावली संधिप्रकाशात पडत नाही, तोरणा काळाच राहू द्या. पौर्णिमेच्या फोटोत मात्र प्रत्येक झाडाची सावली तपासावी लागेल, आणि मंद तारेही नाहीसे करावे लागतील.

दुसरा प्रश्न, हे सगळं केल्यावर सांगायचं का की चंद्र नंतर घातलाय? सांगायचं. फोटोखाली ‘संमिश्र छायाचित्र’ एवढं लिहा. आपण जितकं चांगलं काम करू, तितकी ही ओळ जास्त गरजेची. वाईट चंद्र स्वतःच कबुली देतो. चांगला देत नाही, आणि मग तो फोटो पाहून कुणीतरी चुकीच्या तिथीला गडावर जाऊन बसतो.